पोच न मागितलेलं पत्र

माझ्या भाऊजींना त्यांच्या कंपनीत सगळे पोचपावती म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्यांना ते माहीत होतं आणि मनातून आवडायचंही. औषधांच्या एका मोठ्या गोदामात माल रवाना करायचं खातं त्यांच्याकडे होतं. थंड ठेवावी लागणारी औषधं, लशी, इन्सुलिन. पेटी दारातून बाहेर पडली की ह्यांच्या डोक्यात भुंगा सुरू: पोचली का, कोणी घेतली, सही झाली का. आधी ड्रायव्हरला फोन, मग दवाखान्याला, मग पुन्हा ड्रायव्हरला. सहीचा कागद हातात पडेपर्यंत हा माणूस धड जेवायचा नाही.

घरीही तेच. मी एकदा त्यांच्या हाती ताईसाठी स्वेटर पाठवला, तर संध्याकाळी मला फोन. स्वेटर पोचला, ताईने घेतला, बाही जरा लांब आहे. आणि मी त्यांच्या घरून निघाले की माझ्या दाराचं कुलूप उघडायच्या आत फोन वाजायचा. "पोचलीस का?" एवढंच विचारायचे. पोचले म्हटलं की ठेवायचे. सुरुवातीला मला वाटायचं, ताई कसल्या चिकट माणसाच्या पदरी पडली. नंतर त्या फोनची सवय झाली.

मग कंपनीने ते गोदाम बंद केलं. मालकांना एवढ्या लांबचं गोदाम परवडेना, म्हणून सगळं एका जागी नेलं आणि इथल्या लोकांना नारळ दिला. भाऊजी पंचेचाळिशी ओलांडलेले. सुरुवातीला म्हणाले, महिनाभरात मिळेल काहीतरी. आठ महिने गेले. मधे कधीतरी ते "पोचलीस का" वाले फोनही थांबले, आणि मी मेली एवढी कामात की ते थांबलेत हे माझ्या लक्षात यायलाही वेळ लागला.

त्या शनिवारी सकाळी ताईचा फोन आला. आवाज खाली. "त्यांनी माळ्यावरची मोठी बॅग काढली आहे," म्हणाली. भाऊजींच्या थोरल्या भावाचं दुसऱ्या गावात हार्डवेअरचं दुकान आहे, रात्रभराच्या प्रवासाइतकं लांब. ते कधीपासून म्हणत होते, ये इकडे, गल्ल्यावर बस. भाऊजींनी हो म्हणून टाकलं होतं. पुढच्या रविवारी निघणार. ताईची शाळेच्या ऑफिसातली नोकरी इथे, भाचीचं दहावीचं वर्ष, म्हणजे त्या दोघी इथेच आणि भाऊजी तिकडे खिळे-बिजागऱ्या विकत. "वर्षभरच," ताई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मी तडक गेले. माझं डोकं तापलेलं होतं, खोटं कशाला सांगू. माणसं नोकरीवर घेण्याचं काम मी बारा वर्षं करते. विम्याची कंपनी आमची. गोदाम नाही, ट्रक नाही, त्यामुळे भाऊजींना आमच्याकडे जागा नव्हती. पण निदान पत्र तरी मला दाखवायचं. अनोळखी माणसांची पत्रं मला रोज येतात, कुठल्या पत्राला उत्तर जातं आणि कुठलं पाहता पाहता कचऱ्यात जातं हे मी झोपेत सांगेन. आणि ह्या गृहस्थांनी आठ महिने मला एक ओळ दाखवली नव्हती.

भाऊजी बाहेरच्या खोलीत येरझारा घालत होते. खिडकीपासून फ्रिजपर्यंत, फ्रिजपासून खिडकीपर्यंत. फ्रिज उघडायचा, बघायचं, बंद करायचा. भाची टेबलाशी अभ्यासाचं सोंग करून बसली होती.

"मला का नाही दाखवलंत?" मी चप्पल काढायच्या आधीच विचारलं.

"मेहुणीपुढे रडगाणं कसं गायचं," ते म्हणाले. हसायचा प्रयत्न केला, जमला नाही.

"ज्यांना ओळखत नाही त्यांच्यापुढे गायलंत ते चाललं?"

त्यांनी मला खुर्ची ओढून दिली. मग लॅपटॉप माझ्याकडे सरकवला आणि स्वतः पाठ करून खिडकीशी उभे राहिले.

पत्र एकच होतं, एकशे चाळीस ठिकाणी गेलेलं. "आदरणीय महोदय / महोदया, सविनय नमस्कार. मी गेले काही महिने बेकार असून घरची परिस्थिती बिकट आहे. पदरी शाळेत जाणारी मुलगी आहे. कोणतेही काम, कोणत्याही पगारावर करण्यास तयार आहे. कृपया एक संधी द्यावी, जन्मभर आपला ऋणी राहीन." खाली अकरा प्रमाणपत्रं जोडलेली. त्यातलं एक आग विझवण्याच्या प्रशिक्षणाचं.

तीन दिवसांनी त्याच लोकांना दुसरं पत्र: "माझ्या पत्राची पोच न मिळाल्याने पुन्हा तसदी देत आहे." आणि चार दिवसांनी तिसरं: "आपण दखल घेतली नाही याचा खेद वाटतो."

मला आधी राग आला, मग मी ते पत्र पुन्हा वाचलं. माझ्या घरी येऊन पाणीसुद्धा मागून न घेणारा हा माणूस. कोणत्याही पगारावर. जन्मभर ऋणी. हे वाचणाऱ्याला काय दिसणार, गळ्यापर्यंत बुडालेला कोणीतरी आपला हात धरतोय, एवढंच. अशा वेळी माणूस दया नाही करत, हात सोडवून घेतो. मीही तेच करते. रोज करते.

"पण साठ जणांनी उघडलंय," भाऊजी खिडकीशीच म्हणाले. "पोच आहे माझ्याकडे."

"कसली पोच?"

मग कळलं. त्यांनी प्रत्येक पत्राला 'वाचल्याची पोच हवी' असं लावून ठेवलं होतं. समोरच्याने पत्र उघडलं की त्याला विचारलं जायचं, पोच पाठवू का? ज्याने हो म्हटलं त्याची पोच भाऊजींकडे. आणि पोच आली की भाऊजी करायचे काय, तर त्या कंपनीचा नंबर शोधून फोन. "साहेब, आपण आत्ताच माझं पत्र उघडलंत, म्हणून म्हटलं विचारावं."

मी डोक्याला हात लावला. "भाऊजी, कोणी तुमच्या मागे दुकानात शिरलं आणि म्हणालं, तुम्ही आत्ता त्या शर्टाकडे बघितलंत, घेताय ना, तर?"

"मी बाहेर पडेन."

"मग?"

"माल पाठवला की पोच मागायचीच असते," ते म्हणाले. अगदी मनापासून. त्यात त्यांना काही चूक दिसतच नव्हती, आणि गोदामात ती चूक नव्हतीच. तिथे मागे लागणं हेच काम. औषध वेळेत पोचलं नाही तर कोणाचा तरी जीव जायचा. पण तिथे दवाखान्याने माल मागवलेला असायचा. इथे ह्यांना कोणी मागवलं नव्हतं, आणि हे मात्र दारात सही घ्यायला उभे.

हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते खाली बसले. आठ महिन्यांत बहुधा पहिल्यांदा येरझारा थांबल्या.

"मावशी, मी एक लिहून घेतलंय," भाची म्हणाली. तिने आदल्या दिवशी कॉम्प्युटरकडूनच बाबांसाठी पत्र लिहून घेतलं होतं. हल्ली सांगितलं की मशीन लिहून देतं. वाचून दाखवलं तिने: "पुरवठा साखळीतील उत्कृष्टतेचा ध्यास असलेला एक उत्साही व्यावसायिक या नात्याने, आपल्या दूरदर्शी नेतृत्वाने मी अक्षरशः भारावून गेलो आहे..."

"मी कधी भारावलो?" भाऊजींनी विचारलं.

ताई आतून हसली. त्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा कोणी हसलं. मलाही हसू आलं, पण मशीनला नावं ठेवण्यात अर्थ नव्हता. त्याला तरी काय ठाऊक होतं भाऊजींबद्दल? भाचीने सांगितलेलं एवढंच, की बाबांना नोकरी हवी आहे, छान पत्र लिही. मग ते छान लिहिणारच. एक पत्र पाया पडत होतं आणि दुसरं अत्तर लावून आलं होतं. दोन्हींत भाऊजी कुठेच नव्हते.

चहा झाला. भाऊजींना परत चळ लागला. फ्रिज उघडून झाला, खिडकी झाली, आणि मग ते टेबलावरचं एक मासिक घेऊन बसले. त्यांच्या धंद्याचं मासिक, ते अजून वर्गणी भरून मागवत होते. ताईला म्हणाले, "ह्या बाईंचं वाचलंस का?" ताईने अर्थातच वाचलं नव्हतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला औषधांचं नवीन शीतगोदाम झालं होतं, त्याच्या प्रमुख बाईंची मुलाखत होती. त्यांनी म्हटलं होतं, आमचं यंत्र उत्तम आहे, खोल्या थंड राहतात, पण दुपारच्या वेळी माल दारात तापतो आणि त्याचं कारण आम्हाला अजून नीट सापडलेलं नाही.

"सापडत नाही म्हणजे काय," भाऊजी म्हणाले. "आमच्याकडे पण तेच होतं. ट्रक लागायच्या आधी पेट्या काढून दारात आणायचे, काम झाल्यासारखं दिसतं म्हणून. आणि कागद तयार नसायचे. मग ट्रक उभा, पेट्या उन्हात, आणि सगळे कागदाची वाट बघतायत. मी सांगितलं, कागद पुरे झाल्याशिवाय एक पेटी खोलीतून हलणार नाही. आधी कागद, मग माल. मुलं चिडली, म्हणाली उशीर होईल. उलट लवकर व्हायला लागलं. त्यांच्याकडे कागद कधी होतात, ट्रक आल्यावर की आधी, एवढं जरी कळलं ना..."

ते बोलत होते आणि हात टेबलावर ट्रक लावत होते, पेट्या सरकवत होते. चेहरा वेगळाच. मी लॅपटॉप ओढला आणि ते बोलतील तसं टिपत गेले. त्यांना पत्ताच नाही.

"झालं," मी म्हटलं. "हेच पत्र."

"कुठलं?"

"आत्ता ताईला सांगितलंत ते. हे त्या बाईंना लिहायचं. एकाच बाईंना. एकशे चाळीस जणांना नाही."

त्यांना पटेना. म्हणाले, ही तर गप्पा मारल्यासारखी भाषा, अर्जाला शोभत नाही. मी म्हटलं, ती बाई सकाळी शंभर अर्ज बघते, गप्पा मारणारं कोणी नसतं. मग आमची खरी झटापट सुरू झाली. मी एक ओळ कापायची, ते चिकटवायचे. "आपल्या मौल्यवान वेळातून", कापलं. "कोणतेही काम करण्यास तयार", कापलं. कशालाही तयार असलेल्या माणसाचं काय करायचं हे समोरच्याला कळत नाही. मुलीचा उल्लेख काढताना त्यांनी माझा हात धरला.

"पण खरं आहे ते," म्हणाले.

"खरं आहे म्हणूनच. ते ओझं आहे आणि त्यांचा त्यात दोष नाही. पहिल्याच भेटीत आपण कोणाच्या हातात ओझं देतो का?"

त्यांनी हात सोडला. ताई भाजी चिरता चिरता थांबली होती, ती परत चिरायला लागली.

नोकरी हवी आहे ही गोष्ट मात्र लपवायची नाही, हे मी बजावलं. लपवलं की पत्र लबाड वाटतं, आणि दोन पत्रांनंतर खरा हेतू बाहेर आला की वाचणारा जास्त चिडतो. एकदा, सरळ, एका वाक्यात सांगायचं आणि पुढे जायचं. आणि शेवटी मागायचं ते छोटं. नोकरी द्या असं नाही. पंधरा मिनिटांचं बोलणं. नाही म्हणायला जड जाऊ नये इतकंच.

मग मी सहज विचारलं, "ह्या बाईंना आधी काही पाठवलं नाही ना?"

भाऊजींनी यादीत बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "तिन्ही पत्रं गेलीत. आणि..."

"आणि?"

"एकदा फोनही."

मला उठून जावंसं वाटलं. अख्ख्या शहरात ज्या एका माणसाशी ह्यांचं काही बोलण्यासारखं होतं, त्याच माणसाच्या दारात हे आधी चारदा उभे राहून आलेले. आता चांगलं पत्र गेलं तरी नाव बघूनच ती उडवणार. मी असते तर उडवलं असतं. मी तसं बोलूनही गेले आणि भाऊजींचा चेहरा पडला. बॅग खोलीच्या कोपऱ्यात उघडी होती, मला ती दिसत होती आणि मला काही सुचत नव्हतं.

"दुसऱ्या नावाने पत्ता उघडायचा?" भाची म्हणाली.

"नाही," भाऊजी आणि मी एकदमच म्हणालो.

मग भाऊजींनी माफीचा एक परिच्छेद लिहिला. मोठा. त्यात "अक्षम्य" होतं आणि "मनःपूर्वक" दोनदा होतं. वाचणाऱ्यावर परत तेच संकट, आता तिने ह्यांचं सांत्वन करायचं. मी म्हटलं, तुमच्या हातून एखादी पेटी चुकीच्या दवाखान्यात गेली तर तुम्ही काय कळवायचात? ते म्हणाले, "पेटी चुकून तुमच्याकडे आली, आज उचलतो." मग तेवढंच लिहा, मी म्हटलं.

शेवटी झालं ते पत्र असं. विषयाच्या जागी: "दुपारी दारात तापणारा माल, तुमची मुलाखत वाचून." आणि खाली:

"नमस्कार मॅडम. यापूर्वी मी तुम्हाला सरसकट सगळ्यांना पाठवलेला अर्ज आणि दोन आठवणी पाठवल्या होत्या, फोनही केला होता. त्यात तुमच्या कामाबद्दल काहीच नव्हतं. हे पत्र त्यातलं नाही.

तुमची मुलाखत वाचली. औषधांच्या गोदामात माल रवाना करण्याचं काम मी अठरा वर्षं केलं. आमच्याकडेही दुपारी माल दारात तापायचा. कारण पेट्या आधी बाहेर यायच्या आणि कागद नंतर पुरे व्हायचे. कागद झाल्याशिवाय पेटी हलवायची नाही असा क्रम लावल्यावर तो त्रास जवळजवळ संपला. तुमच्याकडे कागद ट्रक आल्यावर होतात की आधी?

आमचं गोदाम बंद झाल्यामुळे मी सध्या काम शोधतो आहे. तुमच्याकडे जागा आहे की नाही हे मला माहीत नाही. या विषयावर पंधरा मिनिटं बोलता आलं तर आवडेल. जमत नसेल तर हरकत नाही."

खाली नाव आणि फोन. प्रमाणपत्र एकही नाही.

भाचीने ते मशीनला वाचायला दिलं, "काही वाढवू नकोस, फक्त अडखळायला होतं का सांग" असं सांगून. त्याने एकच लांब वाक्य दोन करायला सुचवलं, ते आम्ही केलं. शेवटी "उत्सुकतेने वाट पाहत आहे" घालू का असंही विचारलं, ते केलं नाही. मग भाऊजींनी पत्र मोठ्याने वाचलं. कुठेही आवाज बदलला नाही. आपल्याच आवाजात वाचता येतं म्हणजे ते आपलं.

सोमवारी सकाळी पाठवायचं ठरलं. पाठवताना मी फोनवर होते. ताईने नंतर सांगितलं, भाऊजींचं बोट त्या पोच मागायच्या खुणेवर जाऊन थांबलं होतं. नाही दाबली त्यांनी. पण मग उरलेला दिवस घरातली प्रत्येक कडी, प्रत्येक नळ तपासत फिरले.

मंगळवार गेला. बुधवार गेला. माझंही कामात लक्ष लागेना. ताईला फोन करायचा, तिने काही नाही म्हणायचं, मी ठेवायचा. ऑफिसात माझ्या समोर अनोळखी माणसांची पत्रं होती आणि मला प्रत्येकात भाऊजींचं "जन्मभर ऋणी" दिसत होतं. गुरुवारी मलाच राहवेना. खरं तर आठ-दहा दिवस थांबून एकच छोटी आठवण करायची असते, त्यातही काही नवीन सांगण्यासारखं असेल तर. पण रविवारी भाऊजी निघणार होते. मी फोन केला आणि म्हटलं, उद्या दोन ओळी टाका.

"नको," भाऊजी म्हणाले.

"अहो, रविवारी गाडी आहे तुमची."

"ते मला माहीत आहे. त्यांना माहीत नाही. त्यांनी माझ्या गाडीप्रमाणे का वाचावं?" मग म्हणाले, "माझ्या दोन आठवणी त्यांच्याकडे आधीच जमा आहेत. हे पत्र त्यातलं नाही असं मीच लिहिलंय ना? मग ते खरं असू दे."

मी भांडले. बारा वर्षांचा अनुभव वगैरे काढला. म्हटलं, ताईचा विचार करा. ते लागलं त्यांना, मला कळलं. पण ते ऐकेनात, आणि मी रागाने फोन आपटला. ज्या माणसाला मी पाच दिवसांपूर्वी मागे लागू नका म्हणून झापलं होतं, त्याच्याच मागे आता मी लागले होते. शुक्रवारभर मला त्याचीच चिडचिड होत राहिली.

शनिवारी संध्याकाळी मी निरोप द्यायला म्हणून गेले. ताई बॅग भरत होती. शर्ट घडी करायची, ठेवायची, परत काढून परत घडी करायची. भाची आतून बाहेर येत नव्हती. भाऊजी खिडकी-फ्रिज, खिडकी-फ्रिज. तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला.

भाऊजींनी वाचलं आणि फोन माझ्याकडे दिला. बाईंनी लिहिलं होतं: "कागद ट्रक आल्यावर होतात. तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस दुपारी दारात उभी राहिले. जागा आहे असं आत्ता म्हणू शकत नाही. पण सोमवारी दुपारी येऊन बघाल का? पंधरा मिनिटांपेक्षा जास्त लागतील."

"उत्तर देऊ?" भाऊजींनी विचारलं.

"द्या की. पण जन्मभर ऋणी राहू नका."

"येतो. दोन वाजता चालेल का?" एवढंच लिहिलं त्यांनी. मग थोरल्या भावाला फोन करून सांगितलं, दादा, उद्या येत नाही, सोमवारनंतर कळवतो. दादा बराच वेळ बोलत होते. भाऊजी फक्त हो हो म्हणत होते.

तो रविवार आम्ही कसा काढला ते विचारू नका. बॅग भरलेलीच होती. ती परत उघडायला ताई तयार नव्हती, दृष्ट लागेल म्हणाली.

सोमवारी मी ऑफिसातून थेट त्यांच्याकडे गेले. भाऊजी अंधार पडताना आले. धुळीने भरलेले, शर्टाच्या बाह्या वर, अंगाला पुठ्ठ्याचा वास. खाली बसून पाणी प्यायले. आम्ही तिघी समोर.

तीन महिने काम बघायचं ठरलं होतं, दुपारची पाळी, माल रवाना करायचं दार त्यांच्या ताब्यात. जमलं तर कायम. दादांना त्यांनी वाटेतूनच कळवलं होतं. हे सगळं त्यांनी पटापट सांगितलं, दुसऱ्या कोणाची गोष्ट असल्यासारखं. मग म्हणाले, "निघताना बाई काय म्हणाल्या माहीत आहे? म्हणाल्या, तुमची आठवण येणार म्हणून मी रोज बघत होते. आली की न वाचता उडवायची असं ठरवलं होतं. शुक्रवारी सकाळपर्यंत आली नाही, तेव्हा मलाच चुकल्यासारखं वाटलं. मग पत्र परत उघडलं."

बारा वर्षांचा अनुभव गप्प.

"आणि अजून एक," भाऊजी म्हणाले. "तिथल्या एका पोराने विचारलं, काका, तुम्ही काय करता? आठ महिने सगळे विचारत होते, आता काय करणार. हे कोणी विचारलंच नव्हतं." एवढं बोलून ते एकदम उठले आणि हात धुवायला आत गेले. नळ बराच वेळ चालू होता.

ताईने कोपऱ्यातली बॅग ओढली, शर्ट एकेक करून काढले आणि कपाटात लावले. बॅग रिकामी झाल्यावर भाचीने ती माळ्यावर टाकली. ताई तोंड पुसत होती आणि मला म्हणत होती, जेवून जा. मी जेवून निघाले.

वाटभर मी भाऊजींच्या त्या शेवटच्या वाक्याचा विचार करत होते, आणि सकाळी न वाचता उडवलेल्या पत्रांचाही. वाईट वाटत होतं आणि बरंही वाटत होतं. घराशी आले, पिशवीत किल्ली शोधत होते. दार उघडायच्या आत फोन वाजला.

"पोचलीस का?" भाऊजी म्हणाले.

"पोचले," मी म्हटलं.

"बरं," म्हणाले, आणि ठेवला.